पोलीस 'आर', फर्निचर 'इज': इंग्रजीच्या रिकाम्या जागा भरताना

संध्याकाळी साडेसहाला भांडुपच्या आमच्या खोलीत सतरंजी अंथरली की चाळीतली सात-आठ मुलं दप्तरं घेऊन येतात. गेल्या महिन्यात त्यांतल्या सहावीच्या एका मुलीने झेरॉक्स वर्कशीटवरची एकच जागा इतक्या वेळा खोडली की कागदाला भोक पडलं. वाक्य होतं, 'द पोलीस ____ क्लोज्ड द रोड'. कंसात 'हॅज' आणि 'हॅव'. तिने आधी हॅज लिहिलं, कारण पोलीस या शब्दाला शेवटी 'एस' नाही. मग खोडून हॅव लिहिलं, कारण रस्ता बंद करायला एकटा पोलीस कसा पुरेल? मग परत हॅज, कारण त्याच पानावर वरच्या ओळीत फर्निचरला तिने 'इज' लिहिलं होतं आणि ते बरोबर आलं होतं.

तिचा मधला विचार बरोबर होता. पण पहिला आणि तिसरा इतके सयुक्तिक वाटतात की मोठी माणसंही तिथेच अडकतात. मी स्वतः मराठी माध्यमातली. कारकुनी परीक्षेची तयारी करत होते तेव्हा एका क्लासच्या नोट्समध्ये 'पोलीस हॅज' असंच छापलेलं होतं. मी ते पाठ केलं आणि दोन वर्षं तसंच लिहीत राहिले. म्हणून हा लेख त्या सगळ्यांसाठी, ज्यांच्यासमोर पोलीस, कॅटल, पीपल, फर्निचर आणि इन्फर्मेशन हे पाच शब्द एकाच पानावर येतात.

बसण्याआधी हाताशी काय हवं

- ज्यातलं वाक्य अडलंय ती वर्कशीट, पेन्सिल आणि खोडरबर.
- विद्यार्थ्यांसाठी असतो तसा एक इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. फक्त मराठी अर्थ देणारा छोटा कोश इथे पुरत नाही, कारण नाम मोजता येतं की नाही हे त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.
- एक कोरी वही. तिच्या एका पानावर मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला 'ते' आणि उजव्या बाजूला 'हे एक' असं लिहा. या पानाचा उपयोग पुढे कळेल.

१. आधी कंस बघा

शब्दाचं वचन शोधायला धावण्याआधी कंसात काय दिलंय ते वाचा. वचनाचा प्रश्न फक्त काही जोड्यांमध्येच येतो: इज किंवा आर, वॉज किंवा वेअर, हॅज किंवा हॅव, डझ किंवा डू. आणि साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला एस लावायचा की नाही, एवढंच. कंसात 'केम' किंवा 'विल कम' असेल तर पोलीस एकवचनी की अनेकवचनी याने काहीच फरक पडत नाही. तिथे प्रश्न काळाचा आहे, तिकडे लक्ष द्या.

एसच्या जोडीपाशी मात्र जरा थांबा. नामाला एस लागला की अनेकवचन होतं, हे मुलांना पहिलीपासून पाठ असतं. त्यामुळे 'नो' आणि 'नोज' यांतलं 'नोज' त्यांना अनेकवचन वाटतं. आहे नेमकं उलट. क्रियापदाचा एस कर्ता एकटा असल्याचं सांगतो. 'द बॉय नोज', पण 'द बॉइज नो'. म्हणजे दोघांमध्ये मिळून एस एकदाच. पीपलला स्वतःचा एस नसतो, मग तो क्रियापदाला द्यावासा वाटतो आणि 'पीपल नोज' असं लिहिलं जातं. मी तपासलेल्या वह्यांमध्ये पीपलची सर्वांत जास्त चूक इथेच होती, इज आणि आरमध्ये नव्हती.

२. 'अ' आणि 'एस' लावून बघायची युक्ती इथे सोडून द्या

शाळेत मोजता येणारी नामं ओळखायची एक पद्धत शिकवतात. शब्दाच्या आधी 'अ' लावून बघा, मागे 'एस' लावून बघा. 'अ बुक', 'बुक्स', दोन्ही चालतं, म्हणजे मोजता येतं. पद्धत चांगली आहे, पण आपल्या पाच शब्दांना लावली की काय होतं ते बघा. 'अ फर्निचर' चालत नाही, 'फर्निचर्स' चालत नाही. 'अ पोलीस' चालत नाही, 'पोलिसेस' चालत नाही. कॅटलचं तेच, इन्फर्मेशनचं तेच. पाचही शब्द एकाच रांगेत उभे राहतात आणि विद्यार्थी म्हणतो, मग सगळ्यांना इजच. माझ्या त्या विद्यार्थिनीचा तिसरा विचार इथूनच आला होता.

'अ पीपल' आणि 'पीपल्स' कधीकधी छापलेलं दिसतं खरं, पण तिथे अर्थ 'एक जनसमाज' आणि 'अनेक जनसमाज' असा वेगळा असतो. शाळेच्या वर्कशीटमध्ये पीपल म्हणजे माणसंच.

तेव्हा या शब्दांना प्रश्न वेगळा विचारायचा. पुढच्या वाक्यात याच नामाबद्दल बोलायचं झालं, तर इंग्रजीत 'दे' म्हणाल की 'इट'? पोलीस आले, त्यांनी रस्ता अडवला. इंग्रजीत तिथे दे. फर्निचर आलं, ते जड होतं. तिथे इट. दे आलं तर आर, वेअर, हॅव, डू. इट आलं तर इज, वॉज, हॅज, डझ. या पाच शब्दांपुरती आणखी एक सोपी खूण आहे. ज्यांना पाय आहेत आणि जे स्वतःहून चालतात, ते तिघे अनेकवचनी: पोलीस, गुरं, लोक. खुर्च्या-टेबलांनाही पाय असतात असं एक मुलगा मला म्हणाला होता, म्हणून 'स्वतःहून चालतात' हे शब्द मी तेव्हापासून आवर्जून जोडते.

३. मराठीत म्हणून बघा, पण योग्य शब्द निवडून

आपली भाषा इथे चांगली मदत करते. 'गुरं चरतायत', 'लोक जमलेत', 'माहिती मिळाली', 'फर्निचर आलं'. या चार वाक्यांत मराठी क्रियापद ज्या वचनात आहे, त्याच वचनात इंग्रजी क्रियापद येतं. पाठांतराची गरजच नाही.

फक्त शब्द नीट निवडा. कॅटलचं मराठी 'पशुधन' केलंत तर 'पशुधन वाढलं' असं एकवचन येईल आणि तुम्ही इज लिहाल. खरं तर कॅटल या शब्दाचा इतिहास तसाच आहे. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ मालमत्ता असाच होता. आपल्याकडे गोधन म्हणतात, तीच कल्पना. पण आजच्या इंग्रजीत कॅटल म्हणजे धन नव्हे, जित्राबं. म्हणून मनात 'गुरं' हाच शब्द आणा. उलट फर्निचर म्हणजे मुळात 'पुरवलेलं सामान'. एकेका खुर्चीचा विचार न करता 'घरातलं सामान' असं म्हटलं की 'सामान आलं' हे एकवचन आपोआप जिभेवर येतं.

पोलीस या शब्दाला मात्र मराठी दगा देते. आपण 'एक पोलीस आला' असं अगदी सहज म्हणतो. नाक्यावर उभा असतो तो पोलीस, गणपतीच्या बंदोबस्ताला येतात ते पोलीस. एकाच शब्दात दोन्ही वचनं. इंग्रजीतला पोलीस एकट्या माणसासाठी वापरतच नाहीत. त्यासाठी पोलिसमन, पोलिसवुमन किंवा पोलीस ऑफिसर म्हणावं लागतं. म्हणून इंग्रजीत नुसतं पोलीस दिसलं की मनात 'पोलीस आले' हेच वाक्य म्हणा. 'पोलीस आला' म्हणावंसं वाटलं, तर इंग्रजी वाक्यात पोलीसच्या पुढे मन किंवा ऑफिसर आहे का ते बघा.

आणखी एक अडचण आदरार्थी बहुवचनाची. 'बाबा आले', 'सर शिकवतायत' ही मराठी वाक्यं अनेकवचनी दिसतात, पण माणूस एकच. इंग्रजीत आदर क्रियापदातून दाखवत नाहीत, म्हणून 'फादर हॅज कम'. मराठीत म्हणून बघायची सवय लागली की मुलं इथे हॅव लिहून मोकळी होतात. आदराचं बहुवचन वेगळं काढायला त्यांना सुरुवातीलाच सांगा.

या पाच शब्दांच्या बाहेर गेलात तर मराठीवर विसंबून राहू नका. 'पैसे संपले', 'केस पांढरे झाले', 'दागिने सुंदर आहेत' ही मराठीत अनेकवचनं, पण इंग्रजीत मनी, हेअर आणि ज्वेलरी यांना इजच लागतं. उलट 'कात्री कुठे आहे' हे मराठीत एकवचन आणि इंग्रजी सिझर्सला आर. वहीतलं उभ्या रेघेचं पान यासाठीच आहे. मराठीशी न जुळणारा शब्द भेटला की त्या पानावर लिहा: इंग्रजीत आर लागत असेल तर 'ते'च्या बाजूला, इज लागत असेल तर 'हे एक'च्या बाजूला. माझ्या जुन्या वहीत दीड पान भरलं होतं, त्यापुढे नवीन शब्द क्वचितच सापडले.

४. खरा कर्ता शोधा आणि त्याच्याखाली रेघ मारा

वर्कशीट बनवणाऱ्यांना माहीत असतं की पाच शब्द कुणीही पाठ करेल. म्हणून ते त्या शब्दांभोवती दुसरे शब्द पेरतात. गुण जातात ते इथे. एकच वर्कशीट घेऊन सोडवून दाखवते. ही मी आमच्या मुलांसाठी तयार केली होती.

१) द पोलीस ____ (हॅज / हॅव) क्लोज्ड द रोड निअर दादर स्टेशन.
२) ऑल द फर्निचर इन द हॉल ____ (वॉज / वेअर) न्यू.
३) द इन्फर्मेशन ऑन दीज बोर्ड्स ____ (इज / आर) राँग.
४) द कॅटल इन द शेड ____ (इज / आर) हंग्री.
५) अ पोलीस व्हॅन ____ (इज / आर) पार्क्ड आउटसाइड द गेट.
६) टू पीसेस ऑफ फर्निचर ____ (इज / आर) ब्रोकन.
७) द नंबर ऑफ पीपल ऑन द प्लॅटफॉर्म ____ (इज / आर) इन्क्रीजिंग.

पहिलं सरळ आहे. पोलीस म्हणजे दे, उत्तर हॅव.

दुसऱ्यात 'ऑल' आहे. 'सगळं' म्हटलं की पुष्कळ वस्तू डोळ्यांसमोर येतात आणि हात वेअरकडे जातो. पण ऑल वचन ठरवत नाही, त्याच्यानंतरचं नाम ठरवतं. 'सगळं सामान नवीन होतं' आणि 'सगळी मुलं नवीन होती' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. 'सगळं' आणि 'सगळी' नामाप्रमाणे बदलले, नामाला त्यांनी बदललं नाही. उत्तर वॉज. 'अ लॉट ऑफ' आणि 'सम ऑफ द' यांनाही हेच लागू. 'अ लॉट ऑफ इन्फर्मेशन इज', पण 'अ लॉट ऑफ पीपल आर'.

तिसऱ्यात रिकाम्या जागेला चिकटून 'बोर्ड्स' आहे, त्याच्याआधी 'दीज' आहे, सगळा देखावा अनेकवचनाचा. पण चुकीचं काय आहे? बोर्डांवरची माहिती. बोर्ड नव्हेत. इन्फर्मेशनखाली रेघ मारा, 'ऑन'पासून 'बोर्ड्स'पर्यंत पेन्सिलीने कंस करा आणि कंस झाकून वाक्य वाचा. उत्तर इज. ऑन, ऑफ, इन, विथ, अबाउट यांच्यापैकी एखादा शब्द दिसला की त्याच्या पुढचा भाग झाकायचा, ही सवय एकदा बोटांना लागली की नियम आठवावा लागत नाही.

चौथ्यात सापळा उलटा आहे. 'शेड' एकवचनी आणि जागेला चिकटून. 'इन द शेड' झाका, उरतं कॅटल. उत्तर आर. मुलांना हे समजावताना मी आरे कॉलनीतल्या तबेल्यांचं नाव घेत असे. आता टाळते, कारण तिथे मुख्यतः म्हशी दिसतात आणि काटेकोर इंग्रजीत कॅटल म्हणजे गाई, बैल, वासरं. म्हशीला बफेलो हा वेगळा शब्द आहे आणि तो सरळ मोजता येतो.

पाचव्यात पोलीस आहे, पण तो कर्ता नाही. उभी आहे ती व्हॅन, पोलीस हे तिचं विशेषण झालंय. उत्तर इज. पोलीस स्टेशन, पोलीस डॉग, पोलीस फोर्स सगळे असेच. वाक्याच्या सुरुवातीचा 'अ'सुद्धा हेच सांगतो, कारण नुसत्या पोलीसच्या आधी 'अ' येतच नाही.

सहाव्याने आमची सगळी मुलं फसली. फर्निचर दिसलं, इज लिहिलं. पण इथे 'ऑफ फर्निचर' झाकलं की उरतं 'टू पीसेस', दोन नग. मोजता न येणाऱ्या नामाला मोजायचं असेल तर इंग्रजी असं माप पुढे लावते आणि मग क्रियापद मापाचं ऐकतं. आपण 'दोन पोती तांदूळ आले' म्हणतो का? नाही, 'दोन पोती तांदूळ आली' म्हणतो. क्रियापद पोत्यांप्रमाणे. उत्तर आर. एकच नग असता, 'अ पीस ऑफ फर्निचर', तर इज.

सातव्यात कर्ता आहे 'द नंबर', म्हणजे संख्या. वाढतेय ती संख्या. उत्तर इज. पण 'द'च्या जागी 'अ' आला तर अर्थच बदलतो. 'अ नंबर ऑफ पीपल' म्हणजे 'बरेच लोक', आणि त्याला आर. झाकायची युक्ती इथे आणि वरच्या 'अ लॉट ऑफ', 'सम ऑफ द' यांच्यापाशी चालत नाही. हे अपवाद वेगळे लिहून ठेवा.

५. वाक्यातल्या दुसऱ्या खुणांवरून ताळा करा

उत्तर लिहिल्यावर वाक्य पुन्हा एकदा वाचा आणि नामाच्या आधीचा छोटा शब्द बघा. धिस, दॅट, मच, लिटल यांच्यापैकी काही असेल तर क्रियापद एकवचनी. दीज, दोज, मेनी, फ्यू असेल तर अनेकवचनी. 'दीज पीपल', 'मेनी कॅटल', पण 'धिस फर्निचर', 'मच इन्फर्मेशन'. वाक्य जोडवाक्य असेल तर पुढच्या भागात अनेकदा 'दे' किंवा 'इट' येतो. 'द पोलीस ____ लेट बिकॉज दे...' असं असेल, तर पेपर काढणाऱ्यानेच उत्तर सांगितलंय. वाक्याच्या शेवटी स्वल्पविराम देऊन 'आरन्ट दे' किंवा 'इझन्ट इट' असेल तरीही तेच.

६. उत्तरसूची चुकली असेल तर

हे होतं. विशेषतः एकावरून दुसरी झेरॉक्स काढलेल्या वर्कशीटमध्ये. पोलीसच्या बाबतीत गोंधळाला एक कारणही आहे. इंग्रजी बातम्यांत 'मुंबई पोलीस हॅज' असं अधूनमधून वाचायला मिळतं. लिहिणाऱ्याच्या मनात तिथे माणसं नसतात, एक दल किंवा एक खातं असतं. व्याकरणाच्या वर्कशीटमध्ये ते उत्तर धरू नका, तिथे हॅव हेच ठेवा. दुकानांच्या पाट्यांवर 'फर्निचर्स' असं रंगवलेलं दिसतं, तेही उत्तर म्हणून उतरवू नका.

टीम, फॅमिली, कमिटी हे शब्द मात्र या भांडणात ओढू नका. ते मोजता येतात, त्यांना एसही लागतो, आणि ब्रिटिश लेखनात त्यांना इज आणि आर दोन्ही चालतं. आपल्या शालेय परीक्षांमध्ये गट एकत्र असेल तर एकवचन लिहिणं सुरक्षित.

शंका राहिलीच तर शब्दकोश उघडा. नामाच्या शेजारी चौकटी कंसात बारीक अक्षरात खूण असते. 'यू' हे अक्षर म्हणजे मोजता न येणारं, तिथे इज. 'पीएल' किंवा पूर्ण 'प्लुरल' असं असेल तर अनेकवचनी, तिथे आर. कोशात ही अक्षरं कशासाठी आहेत ते सुरुवातीच्या पानांवर दिलेलं असतं, ते एकदा वाचून घ्या. कारण प्रत्येक कोशाची खूण थोडी वेगळी असते.

त्या मुलीने शेवटी हॅव लिहिलं, आणि वर्कशीट परत आली तेव्हा त्यावर लाल फुली होती. आम्ही कोशातल्या पोलीस शब्दाच्या पानावर कागदाचा कपटा ठेवला, तिच्या आईने दुसऱ्या दिवशी कोशच शाळेत पाठवला. बाईंनी ओळ वाचली, फुली खोडून अर्धा गुण दिला आणि वर्गातल्या बाकीच्यांच्या वर्कशीट परत मागवल्या.